लोणच्याच्या बरणीतलं विज्ञान

मॅट्रिकला माझा एकच विषय राहिला होता, विज्ञान. लग्न होऊन मी श्रीगोंद्याजवळच्या खेड्यात आले आणि परत बसले. मामंजींनी बजावलं होतं की यंदा नापास झाली तर पुन्हा फॉर्म भरायचा नाही. मला तर पास होऊन मास्तरीण व्हायचं होतं.

युक्ती नणंदेची. ती माझ्याच पुस्तकातून अभ्यास करून पहिल्यांदा परीक्षेला बसणार होती. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि जुन्या कॅलेंडरच्या चिठ्ठ्यांवर प्रश्न काढायचे. मागे उत्तर नाही, फक्त पान नंबर. चिठ्ठ्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. दर बाजाराच्या दिवशी घर मोकळं झालं की दहा चिठ्ठ्या काढायच्या, उत्तरं लिहायची, मग पुस्तक उघडून एकमेकींची तपासायची आणि चिठ्ठ्या परत बरणीत टाकायच्या.

दहापैकी नऊ, मग दहा, पुन्हा दहा! आम्ही फुगड्या घालायचो. मी तर मनातल्या मनात वर्गात छडी घेऊन उभी राहिले होते.

एका बाजाराला गुडघा दुखतो म्हणून सासूबाई घरीच राहिल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. आमचा खेळ बघून त्या म्हणाल्या, "वरवरचंच काय खाता गं? लोनचं तळापासून हालवाया लागतं."

त्यांनी कोपरापर्यंत हात घालून तळाच्या दहा चिठ्ठ्या काढल्या. कित्येक आठवडे आम्ही वरच्याच चिठ्ठ्या काढत होतो आणि वरच टाकत होतो! पहिलीच चिठ्ठी: जाळ वाढवला तरी उकळत्या पाण्याचं तापमान का वाढत नाही? प्रश्न माझाच, अक्षर माझंच, उत्तर ठार आठवेना. दहापैकी तीन. माझी छडी गळून पडली आणि आम्ही हसून हसून लोळलो.

तेव्हापासून सासूबाई परीक्षक. चुकलेल्या चिठ्ठ्या त्या डब्यात वेगळ्या ठेवायच्या आणि पुढच्या आठवड्यात न विसरता आधी त्याच पुढ्यात टाकायच्या. दयामाया नाही.

मार्चच्या पेपरात तोच जाळाचा प्रश्न आला आणि मला हसू फुटलं. पर्यवेक्षकांनी दटावलं. उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, हे मी हसतच लिहिलं.

जूनमध्ये निकाल लागला, दोघी पास. मी ओरडत स्वयंपाकघरात शिरले तर सासूबाई मीठ लावलेल्या कैऱ्यांची पाटी पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. गावात सगळ्यांची लोणची कधीच घालून झाली होती.

"बरनी रिकामी कर आता," त्या म्हणाल्या. "पुन्हा बसायची पाळी आली तर लागंल, म्हनून थांबले हुते."

मामंजी बाहेर ओट्यावर सगळं ऐकत होते. ते उठले आणि लोणच्याची मोहरी आणायला दुकानाकडे निघाले.