न जोडलेले नियम

२०१७ साली मी डहाणूच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवत होते. जवळच्या चिखले गावाहून रोज यायचे. त्या उन्हाळ्यात प्राचार्यांनी एक जास्तीचं काम माझ्याकडे दिलं. मुलांना इंटर्नशिपला घेणाऱ्या कंपन्यांचे करार वाचायचे आणि प्लेसमेंट समन्वयकांना प्रत्येकाचा एका पानाचा सारांश करून द्यायचा. समन्वयक दोन होते, डहाणूला एक मॅडम आणि आमच्या तलासरीच्या शाखेत एक सर. दोघांनाही शिकवून उरलेल्या वेळात हे काम करावं लागे, आणि करार इंग्रजीत, लांबलचक. त्यांना चारच गोष्टी हव्या असत: स्टायपेंड किती आणि कशावर, मुदत किती, प्रमाणपत्र कधी मिळणार, आणि वर्तनाच्या अटी कोणत्या.

मी सुरुवातीलाच ठरवलं की प्रत्येक ओळीपुढे कलमाचा क्रमांक लिहायचा. करारात जे नाही तिथं ‘उल्लेख नाही’ एवढंच लिहायचं, आपल्या मनाने भर घालायची नाही. कंपनी चांगली आहे, देईलच, असं कुणी म्हटलं तरी नाही.

तलासरीजवळ हायवेला लागून पॅकिंगचं सामान बनवणारा एक कारखाना होता. त्याचा करार हातात आला तेव्हा पहिल्या वाचनात सगळं ठीक वाटलं. स्टायपेंडच्या कलमात दरमहा ठरावीक रक्कम होती. शेवटी जोडलेल्या परिशिष्टात मात्र तीच रक्कम ‘कमाल’ झाली होती आणि हजेरीच्या प्रमाणात मिळणार होती. दोन्हींत फरक पडला तर परिशिष्ट ग्राह्य, असं मधल्याच एका कलमात लिहिलेलं होतं. मुदत सहा महिने, पण कंपनीला वाटलं तर वाढवता येणार. प्रमाणपत्र ‘समाधानकारक पूर्ततेनंतर आणि वर्तनाचे नियम पाळल्यास’. आणि वर्तनाचे नियम म्हणजे ‘कंपनीत वेळोवेळी लागू असलेले नियम’. ते करारासोबत नव्हतेच.

मी सारांशात तसंच लिहिलं. शेवटच्या ओळीत लिहिलं की नियम जोडलेले नाहीत, त्यामुळे प्रमाणपत्र कोणत्या अटींवर मिळेल हे सांगता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी तलासरीच्या सरांचा फोन आला. त्यांच्या बोलण्यात राग होता. हा कारखाना आपल्या मुलांना आधीपासून घेतोय, तुम्ही उगाच शंका काढता, असं ते म्हणाले. आदल्या वर्षीचा सारांश त्यांनीच केला होता, म्हणून मी तो फाइलमधून काढला. त्यात स्टायपेंडपुढे नुसती रक्कम होती आणि प्रमाणपत्रापुढे ‘मिळेल’ एवढाच शब्द. माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढा अनुभवी माणूस परिशिष्ट वाचत नाही? त्यातच आमच्या ऑफिसातला कारकून सहज बोलून गेला की सरांचा कुणी नातेवाईक त्या कारखान्यात आहे. मग मला सगळं उघडच वाटायला लागलं. मुलं पाठवायची आणि घरच्या माणसाची तिथं पत वाढवायची.

मी डहाणूच्या मॅडमना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “फोनवर असलं काही बोलू नकोस. जाऊन समोर बस.”

मी एस.टी.ने तलासरीला गेले. सरांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि तो यायच्या आतच विचारलं, “डहाणूचं ते हॉटेलही मुलं घेतं, त्याच्या करारावर तुम्ही एकही शंका काढली नाहीत. आमच्याच कारखान्यावर एवढ्या का?”

मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, मी त्यांच्यावर जसा संशय घेत होते तसाच ते माझ्यावर घेत होते. डहाणूच्या मुलांना मी झुकतं माप देते आणि तलासरीची वाट अडवते आहे, असं त्यांना वाटत होतं. हॉटेलच्या करारात नियम जोडलेले होते, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. नातेवाइकाबद्दल विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. त्याऐवजी मी विचारलं, “मागच्या वर्षी किती जणांना प्रमाणपत्र मिळालं, सर?”

बाकीच्यांना मिळालं, एका मुलीला नाही, असं ते म्हणाले. ती शेवटच्या टप्प्यात न सांगता निघून गेली होती म्हणे. त्यांनी तिला वर्गात सगळ्यांसमोर बोल लावले होते.

ती मुलगी तिथल्याच बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करत होती. सरांनी निरोप पाठवला तशी ती आली आणि दाराशीच उभी राहिली. पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. घरी भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी होती आणि आई आजारी, म्हणून ती सुपरवायझरला सांगूनच गेली होती. तो जा म्हणाला होता. चार दिवसांनी परतली तेव्हा गेटवर आत सोडलं नाही.

“काय कारण दिलं?” सरांनी विचारलं.

“नियमात बसत नाही, म्हणाले.”

“कुठला नियम?”

“तो मला कुणी दाखवला नाही, सर. तुम्हाला माहीत असेल असं मला वाटलं.”

सरांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि आलेला चहा तिच्यासमोर ठेवला.

त्याच दुपारी आम्ही दोघांनी मिळून कारखान्याला पत्र लिहिलं आणि नियमांची प्रत मागितली. तिथल्या अधिकाऱ्याने फोनवर गुजराती वळणाच्या मराठीत सांगितलं की नियम कारखान्याच्या आतले आहेत, बाहेर देत नाहीत. मी सारांशात एक ओळ वाढवली: नियम लेखी मागितले, मिळाले नाहीत. मुलं पाठवायची की नाही हे ठरवणं माझं काम नव्हतं. ते सरांनी ठरवलं. नियम येईपर्यंत एकही नाव जाणार नाही, असं त्यांनी कारखान्याला कळवलं.

पावसाच्या आधी कारखान्याला माणसं लागत होती. अधिकारी स्वतः प्रत घेऊन आला. लेखी परवानगीशिवाय सलग तीन दिवस गैरहजर राहिल्यास प्रशिक्षण रद्द आणि प्रमाणपत्र नाही, असं त्यात होतं. तोंडी परवानगीचा उल्लेख नव्हता. सर त्याच्याशी बराच वेळ घासाघीस करत बसले. शेवटी पुरवणी करार झाला: नियमांची प्रत पहिल्याच दिवशी द्यायची, रजेच्या अर्जावर पोच द्यायची, आणि मुलगा किंवा मुलगी मध्येच थांबली तरी जितके महिने काम केलं तितक्यांचं प्रमाणपत्र द्यायचं. स्टायपेंडमधला ‘कमाल’ हा शब्द मात्र त्याने काढू दिला नाही. मी तो सारांशात ठळक ठेवला.

सरांच्या आग्रहावरून त्या मुलीलाही पाच महिन्यांचं प्रमाणपत्र मिळालं. सर ते दुकानात स्वतः नेऊन देताना मी सोबत होते. तिने वाचलं आणि विचारलं, “यात मी पळून गेले असं कुठे नाही ना?” नाही, असं सरांनी सांगितलं आणि तिची माफी मागितली. तिने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पुन्हा मशीनकडे वळली. समोर गिऱ्हाईक उभं होतं.

कारखान्यात सरांचं कुणी होतं की नव्हतं, हे मी कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, असं आता वाटतं. तेव्हा तशी खात्री नव्हती.