दहा मिनिटं कधीपासून?

प्रतिभा आमच्याकडे टेस्टर आहे. जुन्नरच्या बाजारपेठेत आमच्या कापडदुकानाच्या माडीवर सहा जणांचं ऑफिस. मी प्रोग्रॅम लिहायचा आणि या बाईनं त्यातले दोष काढायचे. आवाज कधी चढवणार नाही, पण मागंही हटणार नाही. लई चिवट, राव!

गुरांच्या डॉक्टरला बोलवायचं ॲप आम्ही बनवत होतो. डॉक्टर येतोय असा निरोप आला की दहा मिनिटांत 'हो' दाबायचं, नाहीतर भेट रद्द. आंबेगावच्या डोंगरातल्या काही घरांत चाचणी चालू होती. तिथल्या ठमाबाईंची गाय दोन दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती आणि त्यांचीच भेट रद्द झाली. प्रतिभानं दोष नोंदवला. मी 'ठरल्याप्रमाणेच चालतंय' असं लिहून ती नोंद बंद केली आणि चहाला गेलो.

येतो तर तिचा निरोप:

"विपुलसर, दहा मिनिटांचा नियम मला मान्य आहे. प्रश्न एवढाच, की ती कधीपासून मोजायची? ॲप कसं चालावं याच्या मागणीपत्रात 'निरोप फोनवर पोचल्यापासून' असं आहे. आपलं घड्याळ निरोप पाठवल्यापासून चालतंय. पाठवला ९:०२ ला, भेट रद्द ९:१२ ला, पोचला ९:४०ला. घरी रेंज नसते, बाई खिंडीत चढल्या की निरोप येतात. सर्व्हरच्या नोंदी जोडल्या आहेत. माझं चुकत असेल तर जरूर सांगा, नाहीतर कृपया दोषाची नोंद पुन्हा उघडावी. उद्या डॉक्टरांची फेरी आहे."

डोकंच फिरलं माझं. आता ही मला मागणीपत्र शिकवणार? पुरावा तिच्या तोंडावर मारायला मी ते उघडलं. 'पोचल्यापासून'. खाली टिपण कुणाचं? माझंच! मीटिंगमध्ये मीच लिहून घेतलेलं.

अरे देवा!

गुपचूप ती नोंद पुन्हा उघडली. फोनकडून पोच आली की मगच घड्याळ सुरू, असा बदल केला. प्रतिभानं फोन तासभर विमान मोडवर ठेवून तीनदा तपासलं, मग कुठं मान हलवली. संध्याकाळी बदल चालू केला.

दुसऱ्या दिवशी ठमाबाईंना निरोप गेला ८:५५ ला. आम्ही दोघंही पडद्याला डोळे लावून. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. ९:३१ला पोच, ९:३३ला 'हो'. दुपारी डॉक्टरांनी ॲपवर लिहिलं, औषध दिलं, गाय उभी राहून वैरण खातेय.

प्रतिभा एकदम तोंड फिरवून खिडकीपाशी गेली. पदरानं डोळे पुसले.

"काय झालं गं?"

"काय न्हाई सर. ठमाबाई माझी आई."

"अगं, मग आधी सांगायचंस! लगेच केलं असतं."

"म्हणूनच न्हाई सांगितलं," ती हसत म्हणाली. "तुमी नुसतं आईसाठी केलं असतं. खिंडीपल्याड आणिक चाळीस घरं हायेत."

मी खाली जाऊन दोघांसाठी चहा सांगितला.