तक्रार माझी, लाँच बहिणीची

माझी धाकटी बहीण कोकणात शिक्षिका आहे. खाडीच्या या तीरावर खोली, पलीकडे शाळा. रोज लाँचनं जाते-येते. दिवाळीच्या सुट्टीत मी ब्रह्मपुरीहून तिच्याकडे गेलो आणि पहिल्यांदा त्या लाँचमध्ये बसलो.

बसलो म्हणजे उभा राहिलो. चालकाच्या खोलीवर रंगानं प्रवासी क्षमता लिहिली होती. आत त्याच्या दुप्पट माणसं असावीत. मोटारसायकली, मासळीच्या टोपल्या वेगळ्याच. लाइफ जॅकेटची पेटी उघडली तर आत दोरखंड आणि ऑइलचा डबा.

"जॅकेटं कुठे आहेत?" मी तिकीटवाल्याला विचारलं.

"पाहुणे, दहा मिनिटांत उतराल," तो म्हणाला.

वैनगंगेत डोंगा उलटून आमचे काका गेले, तेव्हा बहीण काठावरच होती. त्या दिवशी लाँच कलली तसा तिनं माझा दंड धरला. ती भीती अजून गेली नाही, हे तेव्हा कळलं.

बहिणीच्या खोलीवर येऊन मी लाँचमालकाला पत्र लिहिलं. तारीख, फेरीची वेळ, लाँचवरचा नोंदणी क्रमांक, रिकामी पेटी, सगळं. मुलाबाळांसह प्रत्येकासाठी जॅकेट हवं, हेही लिहिलं. मोबाइलवरचे फोटो जोडले. पत्ता बहिणीचाच दिला आणि एक प्रत बंदर निरीक्षकांना पाठवली.

निरीक्षक खरोखर आले. त्यांनी मालकाला नोटीस दिली. मला वाटलं, काम झालं.

मालकानं नियम पाळला, पण असा की लोकांना तो नकोसा व्हावा. क्षमता भरली की चढायच्या वाटेला साखळी लावायची. जादा फेरी मात्र नाही. संध्याकाळी कोळिणी, मजूर, कॉलेजची पोरं धक्क्यावर राहायची. तिकीटवाला त्यांना सांगायचा, "शाळेच्या बाईंच्या भावानं तक्रार केली. त्यांनाच विचारा."

बहिणीचा फोन आला.

"दादा, ते तक्रार वापस घे."

"काऊन? आपण खोटं लिहिलं का?"

"खोटं नाई. पण तू ब्रह्मपुरीत बसून राह्यला. मले याच लोकांसंगं जायचं हाये. आज मासळीवाल्या बाईनं मले बसाले जागा नाई देल्ली. तिचा माल नासला होता."

"मालकाले दुसरी फेरी सोडाले सांग ना."

"मी सांगू?" ती म्हणाली.

मी तक्रार मागे घेतली नाही. जादा फेरीसाठी मालकाला आणखी एक पत्र पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही. पुढे साखळीही सुटली, गर्दी पूर्वीसारखी झाली आणि लोक बहिणीशी पुन्हा बोलायला लागले. जॅकेटं तेवढी आली. ती छताला घट्ट बांधलेली असतात. बहिणीनं एकदा जॅकेट सोडून मागितलं तेव्हा तिकीटवाला म्हणाला, "बाई, तुमच्या एकटीसाठी सगळा गठ्ठा सोडू?"

आजूबाजूचे हसले. ती मासळीवालीही हसली. बहिणीनं पुन्हा मागितलं नाही.