टिंब गिळायचं नाही

लेक सव्वा वर्षाची होती तेव्हा मी कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला बसले. तिला पडेगावला सासूबाईंकडं ठेवायचं आणि सिटी बस धरायची. वर्गातली सगळी पोरं मिसरूड फुटलेली, त्यांना मी ‘ताई’. सरही माझ्याहून लहान, अहो-जाहो करायचे. पण जर्नलवर सही त्यांचीच लागायची. सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे अख्खं वर्ष पाण्यात.

त्या दिवशीचा प्रोग्रॅम मोर्सचा, म्हणजे जुन्या तारेच्या टिंब-रेघांच्या लिपीचा होता. एकेक अक्षर तक्त्यात शोधायचं, त्याच्या टिंब-रेघा लिहायच्या, मग उलट्या तक्त्यानं मजकूर परत आणायचा. सरांच्या नमुन्यातल्या तक्त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि दोन शब्दांमधली मोकळी जागा, बस्स. बाकी काही आलं की गाळून टाकायचं. मी लेकीच्या तापाच्या औषधाचं वाक्य टाकलं: GIVE 2.5 ML. परत आलं: GIVE 25 ML. सर्रकन काटा आला अंगावर!

“सर, हे बघा. टिंब गिळलं यानं.”

“ताई, प्रोग्रॅम बंद तर नाय ना पडला? मग झालं.”

“बंद पडला असता तर बरं होतं, निदान कळलं असतं. हा तर तोंड वर करून खोटं बोलतोय.”

“मग अनोळखी चिन्ह जसंच्या तसं राहू द्या.”

तसं करून पाहिलं. पण मोर्समध्ये एकटं टिंब म्हणजे E. परत आलं 2E5. मागची पोरं खिदळली.

मग मी माझ्या मनाचं केलं. अनोळखी चिन्हाच्या जागी # घातलं. परत येताना उलट्या तक्त्यात # सापडत नाही, म्हणून ते तसंच ठेवलं. आलं 2#5, आणि खाली एक ओळ: या चिन्हाला कोड नाही.

“अहो, टिंबाचा कोड तक्त्यात घाला आणि विषय संपवा,” सर वैतागले.

“घालते की. पण उद्या टक्क्याचं चिन्ह आलं तर? तेही गुपचूप गाळायचं व्हय?”

“सगळ्यांनी नमुन्यासारखं लिहिलंय. तुम्हीही तसंच लिहा. नाहीतर सही नाय.”

लई राग आला मला. आवाज चढलाच. “नका करू सही. वर्ष गेलं तर जाऊ द्या. आईला पंचवीस मिली वाचायला लावणारा प्रोग्रॅम मी माझ्या हातानं लिहिणार नाय!”

सरांनी माझी खुर्ची ओढली, स्वतः टक्क्याचं चिन्ह घालून दोन-तीन वाक्यं टाकून बघितली; दर वेळी # आणि खाली ती ओळ. मग जर्नल पुढं घेऊन लाल पेनानं लिहिलं, ‘नमुन्याप्रमाणे नाही’, आणि त्याखाली सही ठोकली.

मी तो शेरा तिथंच मोठ्यानं वाचून दाखवला. खराच होता तो.