बिनपगारी सहा महिने

मी जळकुकडी आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी ते शोधून काढून मला ऐकवायला नको.

पिरंगुटच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथं मी चौदा वर्षं मोजमापाची उपकरणं सांभाळते. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज. प्रत्येक उपकरण बरोबर मोजतंय ना, हे ठरल्या तारखेला तपासायचं, पुढची तारीख घालून स्टिकर लावायचं आणि सही करायची. मुदत संपलेलं उपकरण मशीनवर दिसलं की मी ते उचलून आणते, मग समोर सुपरवायझर असो नाहीतर त्याचाही साहेब. माझ्या हाताखाली एक मुलगी आहे. सूसहून स्कूटरवर येते, डिप्लोमा झालेली, चटपटीत. तिच्याबद्दल पुढं सांगतेच.

घरी आम्ही एकत्र आहोत. दीर, थोरली जाऊ, नवरा, मी आणि माझी आठ वर्षांची मुलगी. जावेच्या मुलीचं लग्न होऊन गेलंय. मी सकाळी सव्वासहाला कंपनीच्या बसमध्ये बसते, त्यामुळं माझी मुलगी सहा महिन्यांची होती तेव्हापासून जावेच्या अंगाखांद्यावर वाढली. ती जावेला मोठी आई म्हणते. इकडं सगळेच म्हणतात, त्यात वावगं काही नाही. पण 'मोठी' मधला मोठेपणा मला वर्षानुवर्षं टोचायचा, खोटं कशाला बोलू.

गेल्या साली एका रविवारी दुपारी मुलीला ताप भरला. मी घरीच होते. पाण्याची पट्टी भिजवून कपाळावर ठेवायला गेले, तर तिनं माझा हात बाजूला केला. म्हणाली, "तू नको. मोठी आईला बोलव." जाऊ भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन आली, खाली बसली आणि ओल्या फडक्यानं तिचे तळपाय पुसायला लागली. "हिला कपाळाला थंड लावल्यालं चालत न्हाई गं," मला म्हणाली, "आधी पाय." दहा मिनिटांत पोर झोपली. आणि मी? माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. पोटची पोर माझी, आणि तिला ताप आल्यावर काय चालतं ते मला दुसरीनं शिकवायचं!

त्याच आठवड्यात मी ठरवलं, सहा महिने बिनपगारी रजा घ्यायची आणि माझी मुलगी मी सांभाळायची. नवऱ्याला सांगितलं, तर तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "कशापायी? वैनी हाय की."

"म्हणूनच," मी म्हटलं.

कंपनीत मनुष्यबळ विभागाच्या बाई आहेत, बावधनला राहतात, बोलायला फार गोड. मी त्यांच्यासमोर बसले. कारण काय लिहायचं, तर मुलीचं संगोपन. त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं कोण बघत होतं?" मी म्हटलं, जाऊ. "त्यांची तब्येत बरी नाही का?" ठणठणीत आहे. "मग आता काय बदललं?" आता या बाईला काय सांगू, की माझी जाऊ माझ्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त ओळखते म्हणून? मुलीचा अभ्यास मागं पडतोय म्हणाले. बाईंनी लिहून घेतलं.

मग त्यांनी नीट समजावलं. इतकी लांब रजा आमच्याकडं तोपर्यंत कुणी मागितली नव्हती, म्हणून अर्जातच सगळं स्पष्ट हवं. दोन महिने आधी द्यायचा. शिल्लक हक्काची रजा आधी संपवायची. बिनपगारी काळात भविष्यनिर्वाह निधीत भर पडणार नाही, पण खातं चालू राहील. आरोग्य विम्याचा हप्ता माझा मी भरायचा. या काळात दुसरीकडं नोकरी करायची नाही. परत रुजू होताना काय हवंय ते मीच मागायचं, आणि हो म्हणायचं की नाही ते कंपनी ठरवणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माझ्यामागं माझं काम कोण करणार, ते नावानिशी लिहायचं. विभागप्रमुखांची सही झाल्याशिवाय अर्ज पुढं सरकणार नाही.

मी तीन दिवस संध्याकाळी बसून अर्ज लिहिला. तो इंग्रजीत होता. परतीच्या अटी मी अशा घट्ट बांधल्या, की कुठून हवा जायला नको. नोकरी अखंड धरावी. परत येताना हेच पद, हीच श्रेणी, हाच पगार. रुजू होण्याआधी एक महिना मी लेखी कळवीन. माझ्या जागी काम करणाऱ्या व्यक्तीची नेमणूक तात्पुरती असेल आणि मी रुजू होताच ती व्यक्ती आपल्या मूळ पदावर जाईल. हे शेवटचं वाक्य लिहिताना मला इतकं बरं वाटलं, की मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

बदली माणसाच्या रकान्यात मात्र मी हुशारी केली. माझं काम तिघांत वाटून दिलं. उपकरणांची यादी एकाकडं, तपासणी त्या सूसच्या मुलीकडं, बाहेरच्या प्रयोगशाळेशी बोलणं तिसऱ्याकडं. कागदावर ते फार शहाणपणाचं दिसत होतं. खरं कारण इतकंच, की माझ्या खुर्चीत पुरतं कुणी बसू नये. एकानं सगळं सांभाळून दाखवलं तर माझी गरज काय राहिली?

विभागप्रमुख साहेबांनी अर्ज वाचला आणि टेबलावरून माझ्याकडं परत सरकवला. "ऑडिटर आला आणि विचारलं, जबाबदार कोण, तर मी तीन बोटं दाखवू का? एक नाव द्या. त्या मुलीचं का नाही दिलंत?"

"ती अजून तिसऱ्या पायरीवर आहे, साहेब," मी म्हटलं. "आपल्याच नियमानं चौथी लागते."

ही पायरी म्हणजे काय ते सांगते. आमच्या विभागाच्या भिंतीवर कौशल्याचा तक्ता असतो. प्रत्येकाच्या नावापुढं, प्रत्येक कामाखाली एक गोल, आणि त्या गोलाचे चार भाग. काम शिकतोय तर एक भाग काळा. देखरेखीखाली करतो तर दोन, स्वतः करतो तर तीन. दुसऱ्याला शिकवू शकतो आणि सही करू शकतो, तर चारही. दर सहा महिन्यांनी हा तक्ता मी भरते. त्या मुलीचे तीन भाग दोन वर्षांपूर्वीच काळे झाले होते. चौथा मी चार वेळा कोरा सोडला होता.

साहेब उठून तक्त्यापाशी गेले. तिच्या गोलावर बोट ठेवून म्हणाले, "हिला काय येत नाही?"

काय येत नव्हतं तिला! मागच्या ऑडिटला मी तापानं घरी होते, तेव्हा सगळ्या नोंदी तिनंच दाखवल्या होत्या आणि एकही त्रुटी निघाली नव्हती. परत आल्यावर सगळे तिचं कौतुक करत होते. ते कौतुक मला आठ दिवस घशाखाली उतरलं नव्हतं. म्हणून चौथा भाग कोरा. दुसरं काही कारण नव्हतं.

"मॅडम," साहेब म्हणाले, "तो भाग भरला तर तुमची रजा. नाही भरला तर तुमच्या जागी बसवायला कुणी नाही, आणि मी सही करू शकत नाही."

माझ्याच हातानं मी स्वतःला कोंडून घेतलं होतं, दुसरं काय. त्याच दुपारी तिची रीतसर परीक्षा घेतली. वीस गेज तपासायला दिले, एक मुद्दाम झिजलेला मिसळला. तो तिनं तिसऱ्याच मिनिटाला बाजूला काढून लाल खूण केली. मग नव्या ट्रेनीला शिकवून दाखव म्हटलं. ती इतकं छान शिकवत होती, की मला उठून जावंसं वाटलं. मी काळा पेन घेतला आणि चौथा भाग भरला. अगदी रागारागानं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही बिनधास्त जा. इथली काही काळजी करू नका." बाई गं, तेवढं तरी म्हणायचं नव्हतंस!

मग अर्जावर एकच नाव गेलं. पंधरा दिवस तिच्या हाती काम सोपवायचं, ऑडिटच्या आठवड्यात मी फोनवर हजर राहायचं. दहाव्या दिवशी मंजुरीचं पत्र आलं. परतीच्या अटी सगळ्या मान्य, फक्त त्या वर्षीची पगारवाढ नाही आणि ठरल्या दिवशी रुजू झाले नाही तर नोकरी सोडली असं धरणार. मी पत्राच्या प्रतीवर सही करून दिली.

शेवटच्या शनिवारी संध्याकाळी घरी आले. जाऊ ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होती. मी मुद्दाम तिच्याशेजारी बसले आणि पत्र मराठीत करून तिला वाचून दाखवलं. खरं सांगते, मला तिला ऐकवायचंच होतं, की सोमवारपासून मुलगी माझी. ती शेंगा सोलत शांतपणे ऐकत होती. मूळ पदाचं वाक्य आलं तशी तिचा हात थांबला.

"म्हंजी तू परत गेलीस की त्या पोरीला तिची जुनी जागा मिळणार व्हय?"

"हो. लेखीच आहे तसं."

"चांगलं हाय," ती म्हणाली. "मी अंगणवाडीतलं काम सोडलं तवा असा कागद असतोय हे म्हाईतच न्हवतं."

ती अंगणवाडीत मदतनीस होती. माझी मुलगी सहा महिन्यांची झाली, मी पुन्हा बसमध्ये चढले, आणि त्याच आठवड्यात तिनं ते काम सोडलं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मी कधी त्याचा विचार केला नव्हता. तिच्या जागेवर दुसरी बाई आली आणि ती अजून तिथं आहे.

"आक्का, तुम्ही बोलला नाहीत कधी."

"काय बोलायचं त्यात? पोर लहान हुती." दोन शेंगा सोलल्या आणि मग तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात. "सहा म्हैन्यानं तू कामावर गेलीस की पोरगी माझ्याकडंच यायची न्हवं? का शाळेनंतरच्या त्या क्लासात ठिवणार तिला?"

तिचे डोळे भरले होते. आठ वर्षांत मी तिला कुणाचा हेवा करताना पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती माझा करत होती.

"तुमच्याकडंच येईल, आक्का," मी म्हटलं. "दुसरं कोण आहे?"

तिनं मान हलवली आणि शेंगांकडं वळली. सहा महिने मी, मग ती परत तिच्या जागेवर, हे मी माझ्याच तोंडानं कबूल केलं होतं. म्हणजे या घरात कायम ती होती. बदलीवर मी येत होते, आणि मुलीला ताप आला तर आधी पाय पुसायचे, हे मला तिच्याकडूनच शिकायचं होतं.