बळीरामने संध्याकाळ सोडली

"मी इसरत नाय. मी थांबतो."

बळीराम घरत हे वाक्य असं म्हणायचा, जसं दुसरा माणूस खुर्चीत बसताना "हरे राम" म्हणतो. चहा आला तरी तेच, वीज गेली तरी तेच. पूर्वी नावाच्या मुलीच्या ऑफिसात तो पहिल्यांदा आला, तेव्हा नाव सांगायच्या आधी त्याने हेच सांगितलं होतं. मग डावा हात टेबलावर ठेवला. दोन बोटं नव्हती.

तिचं ऑफिस नवीन पनवेलला झेरॉक्सच्या दुकानावर, एका खोलीचं. ती लहान धंदेवाल्यांच्या गूगलवरच्या जाहिराती सांभाळायची. ढेकूण-झुरळं मारणारे, घरसामान हलवणारे, पाण्याच्या टाक्या धुणारे तिचे गिऱ्हाईक. क्रेनवाला पहिलाच. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या उचलून गॅरेजला पोचवायच्या, हा बळीरामचा धंदा. कळंबोलीला, जिथे लोखंडबाजाराची धूळ ट्रेलरच्या चाकांमागून उठते आणि झाडांच्या पानांवर तांबूस बसून राहते, तिथे त्याची एकुलती एक क्रेन उभी असायची.

एकुलती एक, कारण बाकीच्या गुरुदत्तकडे गेल्या होत्या. दोघं भागीदार होते. खाडीकाठचं खारीचं शेत सरकारने घेतलं, त्याचे पैसे आल्यावर दोघांनी मिळून पहिली क्रेन घेतली होती. एकदा कर्नाळ्याच्या खिंडीत उलटलेला टेम्पो उचलताना साखळी सटकली आणि बळीरामचा हात त्यात गेला. तो इस्पितळात असताना गुरुदत्तने क्रेनवरचा त्याचा फोन नंबर खरवडून स्वतःचा लिहिला. विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, बळीराम संपला, तो आता ही लाईन करणार नाही. भेटायला एकदाही आला नाही. बोटं गेल्याचं बळीराम दोन वाक्यांत सांगायचा. न भेटण्याबद्दल मात्र तो बोलतच नसे, आणि त्यावरून पूर्वीला कळलं की खरी जखम कुठली.

त्याची मागणी एकच होती. पनवेलच्या हद्दीत कुणीही, कधीही, कशावरही क्रेन शोधली, तर बळीरामचं नाव गुरुदत्तच्या वर दिसलं पाहिजे.

पूर्वीने समजावलं की इथे जागा विकत मिळत नाही. कुणी काही शोधलं की त्या क्षणी लिलाव होतो. त्यात आपली बोली असते, जाहिरात किती कामाची आहे तेही पाहिलं जातं, आणि मग वरखाली ठरतं. बळीराम म्हणाला, "बोली चढव." तिने चढवली.

सुरुवातीला तो फार खूश होता. दिवसभर स्वतःच्या फोनवर शोधत बसायचा आणि आपलं नाव वर दिसलं की फोन शेजाऱ्याला दाखवायचा. पूर्वीने हे बंद करायला सांगितलं. जाहिरात दिसत राहते आणि कुणी तिच्यावर बोट लावत नाही, याची नोंद होते आणि ती आपल्याच अंगावर येते, असं ती म्हणाली. मग तिच्या कानावर आलं की त्याने पुतण्यांना गुरुदत्तच्या जाहिरातीवर बोट दाबत बसायला लावलंय, दर क्लिकमागे त्याचे पैसे जावेत म्हणून. तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं. असले खोटे क्लिक ओळखून वगळले जातात, आणि तसं नसतं तरी ती हे चालवून घेणार नव्हती. तो लहान मुलासारखा खाली बघत राहिला. पश्चात्ताप मात्र त्याच्या तोंडावर नव्हता. युक्ती फसली, एवढंच होतं.

पावसाळा सरला तेव्हा तिने त्याला बोलावून घेतलं. स्क्रीनवर दोन तक्ते होते. एकात दिवसाचे तास, दुसऱ्यात मोबाईल, कॉम्प्युटर आणि टॅबलेट. तिने मुद्दाम एवढे महिने वाट पाहिली होती. चार क्लिकवर निर्णय घेतला तर माणूस फसतो, हे तिला आधीच्या गिऱ्हाइकांनी शिकवलं होतं. शिवाय तिने एक व्यवस्था केली होती. बळीरामच्या फोनमध्ये दोन सिमं होती. मोबाईलवरच्या जाहिरातीत एक नंबर लावला होता. वेबसाईट कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर उघडली तर दुसरा दिसायचा, कारण कॉम्प्युटरवर बघणारा माणूस नंबर हाताने फिरवतो आणि तो फोन गूगलच्या हिशेबात कुठेच येत नाही. कुठलं सिम वाजलं आणि त्यातून काम मिळालं की नाही, हे बळीरामने तिला रोज सांगायचं ठरलं होतं. तो नेमाने सांगायचा.

तक्ता सांगत होता की निम्म्याहून जास्त पैसा संध्याकाळी, मोबाईलवर जातोय. बळीरामने मान डोलावली. एक्स्प्रेसवेवरून उतरणाऱ्या, गोव्याहून परतणाऱ्या गाड्या तेव्हाच बंद पडतात. फोन तर थांबत नाही, तो अभिमानाने म्हणाला.

"फोन थांबत नाही, पण काम संध्याकाळी एकच होतं," पूर्वी म्हणाली. "बाकीच्यांचं काय होतं, काका?"

बाकीच्यांना तो सांगायचा की क्रेन खोपोलीकडे गेलीय, दोन तास लागतील. मग ते फोन ठेवायचे.

"आणि मग?"

पूर्वीने आपल्या फोनवर शोधून फोन त्याच्यापुढे धरला. वर बळीराम. त्याच्या लगेच खाली गुरुदत्त, तीन क्रेनवाला.

"तुमच्या नंबरावर बोट लावल्याचे पैसे तुम्ही भरताय. आणि तुमची क्रेन बाहेर असली की तो माणूस खालच्या नंबराला फोन करतो. तुम्ही स्वतःच्या पैशाने त्याला गिऱ्हाईक पाठवताय."

बळीराम उठला आणि जिना उतरला. चहा तसाच राहिला. पुढे कितीतरी दिवस तो आला नाही, फोनही उचलला नाही. पूर्वीला वाटलं, हे गिऱ्हाईक गेलं.

पण तो थांबत होता. आला तेव्हा दाढी वाढलेली होती. बसल्या बसल्या त्याने विचारलं, संध्याकाळची बोली उतरवली तर काय होईल. तिने काही लपवलं नाही. मोबाईलची बोली कमी केली आणि संध्याकाळची वेगळी कमी केली, तर दोन्ही कपाती एकमेकींवर बसतात. संध्याकाळी मोबाईलवर त्याचं नाव खाली जाईल, बहुतेक वेळा दिसणारच नाही. आणि समोर कुणी उरलं नाही म्हणून गुरुदत्तला वरची जागा आजच्यापेक्षा स्वस्तात मिळेल.

"स्वस्तात," बळीराम म्हणाला. उरलेल्या तीन बोटांची मूठ त्याने हळूहळू वळली आणि हळूहळू उघडली. "आणि ह्या इथं काय हाय?"

त्याचं बोट कॉम्प्युटरच्या ओळीवर होतं. क्लिक थोडेसेच, सगळे कामाच्या दिवशी, ऑफिसं उघडल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंतचे. पण दुसरं सिम त्याच वेळात वाजायचं, आणि वाजलं की काम होऊनच यायचं. पूर्वी म्हणाली, गाड्यांच्या मोठ्या वर्कशॉपांचे मॅनेजर असावेत. अपघाताच्या गाड्या आणायला त्यांना रोज क्रेन लागते. पण ते काम तर वर्षाच्या कराराने गुरुदत्तकडे आहे. मग सकाळी ऑफिसात बसून ते दुसरी क्रेन का शोधतात, हे तिला समजलं नव्हतं.

बळीरामला समजलं. पूर्वीने त्याला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि ते हसू तिला आवडलं नाही.

"रात्रभर हायवेवर राबलेली मानसं सकाळी उठत नाय, बाय. त्याच्या डायवरांना मी वळखतो. मॅनेजर वाट बघतो, फोन करतो, मंग शोधतो." तो खुर्चीत मागे टेकला. "त्याला संध्याकाळ दे. सगळी दे. जितकी खाईल तितकी खाऊं दे."

"काका, तो खूश होईल. तुमच्यावर हसेल."

"हसूं दे."

तिने आकडे बदलले. मोबाईल खाली, संध्याकाळ त्याहून खाली. कॉम्प्युटर वर, आणि कामाच्या दिवसांची सकाळ वर. टॅबलेटवर कुणी शोधतच नव्हतं, ते तसंच ठेवलं. काम साधं होतं, पण करताना तिला वाटलं की आपण कुणाच्या तरी घराच्या वाशाला करवत लावतोय. आणि खरं सांगायचं तर त्यात तिला गंमतही वाटत होती.

गुरुदत्त हसलाच. कळंबोलीच्या नाक्यावर सगळ्यांदेखत त्याने बळीरामला विचारलं, नाव कुठे गेलं रे तुझं, बोटांसारखं गळून पडलं काय. लोक हसले. बळीराम पानवाल्याकडून सुपारी घेऊन निघून गेला. त्या दिवशी तो पूर्वीकडे येऊन नुसता बसून राहिला. स्वतःच्या फोनवर शोधायची इच्छा दाबून धरत होता, हे तिला दिसत होतं.

त्या हिवाळ्यात बळीराम पहाटे उठायचा. नेऱ्याच्या डोंगरामागून ऊन वर यायच्या आत क्रेन धुतलेली, डिझेल भरलेलं, साखळीला ग्रीस लावलेलं. दुसरं सिम वाजलं की पहिल्याच घंटेला उचलायचा आणि सांगितल्या वेळेच्या आधी दारात उभा राहायचा. एका वर्कशॉपचा मॅनेजर जगन त्याला आधी अडल्यावर बोलवायचा, मग रोज बोलवू लागला. जगनने दुसऱ्याला सांगितलं. मग कॉम्प्युटरवरून शोधायचीही गरज उरली नाही. तिकडे गुरुदत्तचे ड्रायव्हर संध्याकाळचा रोख पैसा सोडून सकाळी उठायला तयार नव्हते.

होळीनंतर पूर्वी वेबसाईटसाठी फोटो काढायला जगनच्या वर्कशॉपात गेली. बळीरामची नवी क्रेन दारात उभी होती, दुसरी, आणि तिच्याशेजारी बळीराम. फोटो काढत असताना गुरुदत्त आला. तो थेट जगनच्या केबिनमध्ये गेला आणि थोड्या वेळाने हातात हिशेब चुकता केल्याचं पाकीट घेऊन बाहेर आला. वर्षाचं काम आता त्याच्याकडे राहिलं नव्हतं.

तो बळीरामसमोर येऊन उभा राहिला. जाडजूड माणूस, पण शर्ट अंगावर सैल झाला होता.

"मला वाटलं तू दमलास," तो म्हणाला. "संध्याकाळ सोडलीस तेव्हा वाटलं, दया केलीस."

"वाटूं दिला मी तुला."

"बळी, एका ताटात जेवलोय आपण. दोन वर्कशॉप तरी सोड. पोरांना काय सांगू?"

बळीरामने त्याच्या सैल शर्टाकडे पाहिलं. पूर्वीला वाटलं, आता हा विरघळेल. तिला तसं हवंही होतं. तिने कॅमेरा खाली केला.

"सांग, बाप संपला," बळीराम म्हणाला. "ही लाईन करनार नाय आता."

वर्कशॉपातली पोरं पाने हातात धरून थांबली होती. बळीरामने क्रेनची साखळी हाताने एकदा चाचपली, हूक जागेवर अडकवला, आणि दार उघडं असूनही क्रेनमध्ये न बसता चालत फाटकाबाहेर पडला. ट्रेलरच्या धुळीतून, रस्त्याच्या कडेकडेने, मागे न बघता. त्याची चाल हलकी झाली असेल असं पूर्वीला वाटलं होतं. तशी ती झाली नव्हती. ती आणि गुरुदत्त शेजारी शेजारी उभे राहून, तो लोखंडबाजाराच्या वळणाआड जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.