हात मोडल्याचा प्रसंग

हे सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. कुस्त्यांच्या दंगलीत लढतीआधी मल्लांचा परिचय मी करून देत असे. अकोटला एका तरुण पैलवानाचा परिचय वाचला आणि सवयीप्रमाणे नंतर लोकांना विचारत फिरलो, कसा वाटला?

"बक्षिसांची यादी ऐकून झोप येऊन राहिली होती गुरुजी," एक पंच म्हणाला. "पण यानं अकोल्याच्या पोराचा हात मोडला, ते सांगतलं तेव्हा लोक जागे झाले. तेच वाढवा."

बहुतेकांचं तेच मत पडलं. पैलवान मात्र अंग पुसत म्हणाला, "ते हाताचं काढा गुरुजी. मले बरं नाही वाटत."

मी होकारार्थी मान हलवली. पण घरी बसून बक्षिसांची यादी कापली, त्याचं नाव शेवटी नेलं आणि हात मोडल्याचा प्रसंग, हाडाच्या आवाजासकट, रंगवला.

पुढची दंगल अमरावतीला झाली. तो प्रसंग वाचून मी शेवटी नाव उच्चारलं, टाळ्या पडल्या आणि त्या जायबंदी पोराचे भाऊ काठ्या घेऊन आखाड्यात घुसले. पहिली काठी पैलवानाच्या कानावर बसली, दुसरी डोळ्यावर. तो पडल्यावरही ते मारत राहिले. मातीचा लाल चिखल झाला. मी माईक धरून मंचावरच उभा होतो.

त्याचा डावा डोळा गेला. महिन्याभराने मी माफी मागायला त्याच्या घरी गेलो. त्याने खुर्ची दिली आणि विचारलं, "मी नाही म्हटलं होतं गुरुजी. काहून ठेवलं?"

"लोकांना आवडलं होतं," एवढंच बोलून मी उठलो.